उतारावरचा रोबोट मोवर: हद्द, पकड आणि ब्लेडचा ब्रेक

नमस्कार श्रोतेहो. स्वतःच फिरून गवत कापणारा रोबोट मोवर घरी बनवणाऱ्यांसाठी आजचं बोलणं आहे, आणि त्यातही ज्यांच्या लॉनला उतार आहे त्यांच्यासाठी. सपाट जागेवर हद्द ओळखणं, चाकं चालवणं आणि ब्लेड थांबवणं ही तीन कामं वेगवेगळी करून जमतात. उतारावर मात्र ती एकमेकांत अडकतात, एक चुकलं की दुसरं त्याला सावरून घेत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की डिझाइन उतारापासूनच सुरू करा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक मशीन डोळ्यासमोर धरूया. वजन १२ किलो, मागे मोटर लावलेली दोन चाकं, पुढे नुसती गरगर फिरणारी दोन कॅस्टर चाकं. पोटाखाली साधारण २२ सेंटिमीटरची चकती, तिच्या कडेला स्क्रूवर मोकळी हलणारी तीन छोटी ब्लेडं, आणि चकती मिनिटाला ३००० फेरे घेतेय. उतार २० अंशाचा. इथे एक गोष्ट आधी सांगतो, उताराचे आकडे बघताना अंश आणि टक्के यांत लोकांची फार गल्लत होते. २० अंश म्हणजे जवळपास ३६ टक्के, आणि २० टक्के म्हणजे जेमतेम ११ अंश. तेव्हा मोजताना आणि वाचताना दोन्हीकडे एकच माप धरा.

आता हद्द. तारेची पद्धत अशी असते की लॉनच्या कडेने एक वायर पुरून तिचं पूर्ण वेटोळं करायचं आणि त्यात ठराविक पल्स सोडत राहायचे. मोवरच्या नाकाशी एक कॉइल उभी बसवलेली असते, म्हणजे तिचा अक्ष जमिनीकडे. वेटोळ्याच्या आत असताना तारेचं चुंबकीय क्षेत्र समजा वरच्या दिशेला असेल तर बाहेर गेल्यावर ते खालच्या दिशेला होतं, त्यामुळे कॉइलमध्ये आलेला पल्स उलटा दिसतो. बरोबर तारेच्या डोक्यावर तो जवळजवळ शून्य होतो. कंट्रोलरला आत की बाहेर हे कळतं ते या उलटसुलट होण्यावरून, सिग्नल किती जोरात आहे त्यावरून नाही. जोराचा उपयोग वेगळा आहे, तार जवळ येतेय हे त्यावरून आधीच समजतं. आणि सिग्नल येतच नसेल तर त्याचा अर्थ "बाहेर" असाच घ्यायचा, कारण तार तुटली तरी हेच दिसणार.

बरं, नाकाने तार ओळखली, कंट्रोलरने चाकं थांबवली, झालं का काम? उतारावरून खाली येत असाल तर नाही झालं. सपाट जागेवर या मशीनचं ७० टक्के वजन मागच्या चाकांवर धरूया. नाक खाली करून २० अंशांवर उभं राहिलं की वजन पुढे सरकतं आणि मागच्या चाकांवर ६० टक्क्यांच्या आसपासच उरतं, पुढची कॅस्टर तर काही धरतच नाहीत. ओल्या गवतावर पकडीचा गुणांक ०.५ धरला तर मागची दोन चाकं साधारण ३३ न्यूटन धरू शकतात, आणि गुरुत्वाकर्षण खाली खेचतंय ४० न्यूटनने. गवतात रुतणारी पुढची चाकं थोडाफार विरोध करतात, पण तो धरूनही हिशेब जुळत नाही. म्हणजे चाकं अगदी लॉक झाली तरी मशीन घसरतच राहणार. एनकोडर सांगतो चाक थांबलंय, कंट्रोलर खूश, आणि मोवर आपला निघाला तारेपलीकडे, ब्लेड चालू ठेवून.

यावर मोठी मोटर बसवून फरक पडत नाही, कारण इथे जोर कमी पडत नाहीये, पकड कमी पडतेय. खडबडीत दातांचे टायर आणि बॅटरी शक्यतो मागच्या चाकांच्या वर, याने पकड वाढते. सिग्नलचा जोर वाढायला लागला की तारेच्या अर्धा-एक मीटर आधीच वेग एकदम कमी करा, घसरण सुरू होण्याआधीच आटोक्यात राहते. आणि तार उताराच्या अगदी पायथ्याशी आडवी टाकूच नका, उतार संपून जमीन सपाट झाली की त्यानंतर टाका. बाजारातल्या मशीनच्या मॅन्युअलमध्येसुद्धा लॉनच्या मध्यभागी जेवढा उतार चालतो त्यापेक्षा बराच कमी उतार तारेजवळ चालेल असं लिहिलेलं असतं, त्याचं कारण हेच.

तार नको, आरटीके जीपीएसवरची आभासी हद्द हवी असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मोकळ्या आकाशाखाली ती उत्तमच चालते, पूर्ण फिक्स असताना एक-दोन सेंटिमीटरपर्यंत. पण उतारावर तिचीही एक खोड आहे. अँटेना जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर मशीन २० अंश कललं की अँटेना उताराच्या खालच्या बाजूला जवळपास १४ सेंटिमीटर सरकते. रिसीव्हर अगदी अचूक जागा सांगतोय, पण अँटेनाची, चाकांची किंवा ब्लेडची नाही! उतारावर आडवं जाताना मशीनला वाटतं आपण हद्दीत आहोत, आणि वरच्या बाजूची कड १४ सेंटिमीटर पलीकडे गेलेली असते. आयएमयूकडून कल घेऊन ही जागा सतत दुरुस्त करावी लागते. आणि फिक्स जाऊन फ्लोट आला, म्हणजे चूक काही दशांश मीटरवर गेली, की उतारावर चाकांच्या फेऱ्यांवर भरवसा ठेवून पुढे जाऊ नका, चाकं घसरत असतात. ब्लेड बंद करा आणि जागेवर थांबा.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतोय तो भाग. कुणी मशीन हाताने उचललं तर ब्लेड थांबलं पाहिजे. घरगुती डिझाइनमध्ये बरेच जण हे काम नुसत्या आयएमयूवर सोपवतात, कल अमुक अंशांच्या वर गेला की ब्लेड बंद. सपाट जागेवर ठीक आहे. पण २० अंशांच्या उतारावर मशीन आडवं उभं आहे आणि एखाद्या मुलाने त्याची खालच्या बाजूची कड उचलली असं समजा. ४० सेंटिमीटर रुंद मशीनची कड १५ सेंटिमीटर वर आली तर ते सुमारे २२ अंश फिरतं, म्हणजे आधी २० अंश कललेलं मशीन आता जवळजवळ सपाट झालं. आयएमयूच्या दृष्टीने परिस्थिती सुधारली! आणि ब्लेडखाली हात जाईल एवढी फट उघडी आहे. म्हणून कलाचा सेन्सर हा उचलण्याच्या सेन्सरची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही लागतात. उचलण्यासाठी वरचं कव्हर रबरी खुंट्यांवर किंवा स्प्रिंगवर मोकळं ठेवायचं आणि चारही कोपऱ्यांत असे स्विच लावायचे की कव्हर चॅसीपासून सेंटिमीटरभर वर आलं की सर्किट उघडेल. चाकाच्या खड्ड्यात जाण्याने हे स्विच अधूनमधून उगाच उघडतात, मग वैतागून कोडमध्ये दोन-तीन सेकंदांचा डिले टाकला जातो. तो कृपया टाकू नका. दशांश सेकंदाचा फिल्टर चालेल, त्याच्या वर नाही. उगाच थांबत असेल तर स्प्रिंग कडक करा.

हे स्विच कंट्रोलरच्या पिनवर नेऊन पुढचं सगळं सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही. ब्लेडच्या मोटरच्या वाटेत एक चेंजओव्हर रिले ठेवा, आणि त्याच्या कॉइलचा करंट लाल स्टॉप बटणातून, चारही स्विचमधून एकामागोमाग एक जाऊ द्या. कुठेही सर्किट उघडलं की रिले सुटतो, कोड काहीही करत असो. पण मोटरचा करंट तोडणं म्हणजे ब्लेड थांबणं नव्हे. चांगल्या बेअरिंगवरची चकती करंट गेल्यावर दहा-पंधरा सेकंद फिरत राहते, आणि ब्लेडच्या टोकाचा वेग सुरुवातीला ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून रिले सुटल्यावर मोटरची दोन टोकं एका रेझिस्टरवर जोडली गेली पाहिजेत, मग मोटरच जनरेटर होऊन स्वतःला ब्रेक लावते. ब्रशवाली मोटर, बॅटरी २२ व्होल्टची, मोटरचा रोध अर्धा ओहम आणि रेझिस्टर १ ओहम असा हिशेब केला तर सुरुवातीचा करंट १५ अँपिअरच्या घरात येतो आणि तीनशे ग्रॅमची चकती दीड-पावणेदोन सेकंदांत थांबते. २ सेकंदांच्या आत थांबवणं हे माझं लक्ष्य असतं. रेझिस्टर वायरवाउंड घ्या, आणि रिलेचे काँटॅक्ट डीसी करंटसाठी रेट केलेले आहेत ना ते बघा, एसीचा आकडा इथे कामाचा नाही.

काँटॅक्ट चिकटूही शकतात. त्यासाठी रिलेसोबत मोटर ड्रायव्हरची एनेबल लाइनही त्याच साखळीवरून बंद होऊ द्या, आणि ब्लेड सुरू करण्याआधी दर वेळी एक छोटी चाचणी करा. या एवढ्यापुरती एनेबल स्वतंत्र चालू करून, रिले सोडलेला असताना ड्रायव्हरला क्षणभर थोडासा पीडब्ल्यूएम द्यायचा. करंट आला तर काँटॅक्ट चिकटलाय, ब्लेड सुरू करायचं नाही. कंट्रोलरलाही साखळीत आपली एक कडी असते, ती अशी की त्याची पिन सतत वर-खाली होत असेल तरच कपॅसिटरमधून रिलेला जीव मिळतो. पिन एकाच जागी अडकली, वर असो की खाली, की रिले सुटला. फक्त ही पिन टायमर इंटरप्टमधून हलवू नका, कारण मुख्य लूप लटकला तरी इंटरप्ट चालतच राहतो आणि सगळं आलबेल दिसतं. तारेचा सिग्नल, कल, सेन्सर हे सगळं तपासून झाल्यावर मुख्य लूपमध्येच हलवा. आणि एकदा थांबलेलं ब्लेड आपोआप परत सुरू होता कामा नये, माणसाने येऊन बटण दाबल्यावरच.

चाचणी घेताना ब्लेडं काढून ठेवा आणि चकतीवर एक पांढरी पट्टी चिकटवा. मोबाइलमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर मशीन उतारावर आडवं उभं करा, लांब काठीने खालची कड उचला आणि कव्हर हलल्यापासून पट्टी स्थिर होईपर्यंतच्या फ्रेम मोजा. ४८० च्या वर गेल्या तर २ सेकंद ओलांडले. हे बॅटरी पूर्ण चार्ज असताना करा, कारण तेव्हा चकतीचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि रेझिस्टर गरम असताना परत एकदा. मग तेच वरची कड उचलून, पुढून, मागून. चारही बाजूंनी वेळ आत बसली की बॅटरीचा प्लग काढायचा, आणि त्यानंतरच ब्लेडं परत बसवायला हात आत घालायचा.