एका घरातली गर्दी

मंडळी, तीन किंवा त्याहून जास्त ग्रह एका स्थानात आले की पत्रिकेचा तोल तिकडे झुकतो. त्या माणसाचं मन कुठे गुंतलंय, हे आपण तिथूनच वाचतो. आज मी मुद्दाम टोकाचं उदाहरण घेतलंय, 1962 सालची अष्टग्रही. त्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे दोन दिवस राहू सोडून आठही ग्रह मकरेत होते. देशभर होमहवन झाले, जगबुडीच्या वावड्या उठल्या. जग बुडालं नाही, पण त्या दिवसांत मुलं जन्मली, आणि त्यांच्या पत्रिका आजही आपल्यासमोर येतात.

त्या सगळ्यांचं आयुष्य एकसारखं का नाही? कारण लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. कर्क लग्नाला मकर सप्तमात येते, कन्येला पंचमात, मेषेला दशमात. रास एकच, घर वेगळं.

5 फेब्रुवारीचं मेष लग्न घ्या, जन्म दुपारच्या थोडा आधी. राशींचे स्वामी असलेले सातही ग्रह दशमात म्हणजे बाराही भावांचे स्वामी दशमात. सप्तमेश शुक्र कामाच्या घरात, चतुर्थेश चंद्रही तिथेच. म्हणून विवाहाचा प्रश्न विचारला तरी उत्तर नोकरी-व्यवसायाच्या वाटेने येतं. समोरचं चौथं घर दुर्लक्षित राहील, असं पटकन म्हणू नका. दशमातल्या प्रत्येक ग्रहाची सातवी दृष्टी त्याच्यावर आहे आणि राहूही तिथेच बसलाय. घराची ओढ असते, फक्त कामाच्या मागोमाग येते.

आता आठांपैकी बोलतो कोण? इथे बरेच जण चुकतात, ग्रह मोजून थांबतात. अंश पाहा. रवी 22 अंशांच्या आसपास. गुरू, शुक्र, बुध त्याच्यापासून पाच अंशांच्या आत, म्हणजे पक्के अस्त. गुरू तर शिवाय नीचेचा. शनी आणि मंगळ 10 अंशांच्या आसपास. अस्ताच्या मर्यादेत तेही आहेत, पण बरेच लांब. त्यातून शनी स्वगृहीचा, मंगळ उच्चीचा. माझ्या मते सूत्रं या दोघांकडेच. अशा माणसाला शिस्त, यंत्र, जमीन, हुकमत यांतलं काम पेलतं. शिकवणं किंवा सल्ला देणं आवडत असलं, तरी त्याचं श्रेय त्याला उशिरा मिळतं. फळ कधी मिळेल ते मात्र दशाच सांगते. केवळ गर्दीवरून यश ठरवू नये.

शेवटी चलित मांडायला विसरू नका. लग्न मेषेच्या 2 अंशांवर असेल, तर समभाव पद्धतीत दशम भाव मकरेच्या 17 अंशांवर संपतो. शनी-मंगळ दशमात राहतात, रवीकडचा घोळका लाभात सरकतो. मग त्या माणसाचं लक्ष पदावर आहे की मिळकतीवर, हे त्यालाच विचारून ताडून घ्यावं लागतं. लग्न सरासरी चार मिनिटांना एक अंश पुढे जातं, त्यामुळे सांगितलेली जन्मवेळ पंधरा मिनिटांनी चुकली तरी हा निवाडा उलटू शकतो.