होस्टची वीज गेली तर

मंडळी, आपण सगळेच झूमवर व्याख्यानं भरवतो, म्हणून मी झूमपुरतंच बोलतो. समजा, साडेसहाचं व्याख्यान आहे. होस्ट म्हणजे साताऱ्यातले आपले सचिव. पावणेसातला त्यांच्याकडची वीज जाते, राउटर बंद पडतो. को-होस्ट नेमलेला असेल तर होस्टपद आपोआप त्याच्याकडे जातं आणि वक्त्याला काही कळतही नाही.

को-होस्ट नेमणं सोपं आहे. Participants उघडा, त्या माणसाच्या नावापुढचं More दाबा आणि Make Co-Host निवडा. पण हे सभा सुरू झाल्यावरच करता येतं. वीज सव्वासहालाच गेली तर? सभा सुरू करणं को-होस्टच्या हातात नसतं. त्यासाठी ऑल्टरनेटिव्ह होस्ट लागतो. सभा ठरवतानाच Alternative Hosts या रकान्यात त्याचा ईमेल टाकायचा, मग सचिव नसले तरी तो सभा सुरू करतो. अट एवढीच की त्याच्याकडेही पैसे भरलेलं लायसन्स हवं आणि तेही तुमच्याच संस्थेच्या खात्याखालचं.

एकाच लायसन्सवर चालणाऱ्या मंडळांची इथे अडचण होते. त्यांनी सचिवांच्या प्रोफाइलमधली होस्ट की एका विश्वासू माणसाकडे देऊन ठेवावी. होस्टच्या आधी आत येण्याची परवानगी चालू असेल आणि वेटिंग रूम बंद असेल, तर तो आत येऊन ही की टाकतो आणि होस्ट होतो. वेटिंग रूम बंद ठेवणं मला स्वतःला फारसं आवडत नाही, पण अशा मंडळांना दुसरा सोपा मार्ग दिसत नाही.

आता माणूस कोण निवडायचा? सचिवांच्या शेजारी बसलेला मुलगा को-होस्ट नेमून काही साधत नाही, कारण वीज दोघांचीही एकदमच जाते. दुसऱ्या गावातला, दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट असलेला माणूस घ्या. व्याख्यानाच्या स्लाइड्सची प्रत त्याच्याकडे हवी. सचिवांच्या लॅपटॉपवरून स्क्रीन दाखवत असाल, तर होस्टपद पुढे गेलं तरी स्लाइड्स जातातच. रेकॉर्डिंगचंही तसंच. लॅपटॉपवर चाललेलं रेकॉर्डिंग तिथेच तुटतं, म्हणून सोय असेल तर ते क्लाउडवर ठेवा.

सचिव मोबाइलवरून परत येतील तेव्हा एक गंमत होते. नुसत्या लिंकवर बोट ठेवून आले तर झूमच्या लेखी ते पाहुणे असतात आणि स्वतःच्याच सभेच्या वेटिंग रूममध्ये बसून राहतात. मोबाइलवर आधीच त्याच खात्याने लॉगिन केलेलं असेल तर थेट आत येता येतं आणि Reclaim Host दाबून होस्टपद परत घेता येतं.

याची तालीम आदल्या दिवशी करा, पण Leave दाबून नको. तेव्हा झूम नवा होस्ट कोण, हे विचारतं, वीज जाताना कोणी विचारत नाही. सरळ राउटरचा प्लग काढा. थोडा वेळ जाऊ द्या, मग सहभागींच्या यादीत कोणाच्या नावापुढे होस्ट लिहून येतं ते को-होस्टला फोनवर विचारा.