आकडा उतरला, झटका टळला का?

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मागच्या महिन्यात माझ्याकडे बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. अँजिओप्लास्टी झालेली, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आटोक्यात. तरी लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा, हृदयविकाराचा धोका वाढवणारा आणखी एक कण, १२० मिलीग्रॅम. साधारण ५० च्या वर आपण ते जास्त धरतो. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, याच्यावर इंजेक्शन आलंय म्हणे, मला कधी देता?"

हा आकडा बहुतांशी आईवडिलांकडून येतो. पथ्य, चालणं यांनी तो फारसा हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. नवी औषधं थेट यकृतात काम करतात. या कणाला चिकटणारं ॲपो-ए नावाचं प्रथिन बनवण्याचा जो निरोप पेशीत असतो, तोच ती मोडून टाकतात. महिन्याला एकदा घ्यायचं पेलाकार्सेन आकडा सुमारे ८० टक्क्यांनी उतरवतं. बारा आठवड्यांनी एकदा दिलेल्या ओल्पासिरानने चाचणीत ९५ टक्क्यांहून जास्त उतार दिसला. मुव्हालाप्लिन तर गोळीच आहे. ती कण जुळूच देत नाही.

पण मंडळी, हा उतार रक्तातला आहे. हृदयविकाराचे झटके कमी झाले का, हा प्रश्न वेगळा. नियासिन हे जुनं औषधही हा आकडा थोडा उतरवायचं, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायचं; स्टॅटिनच्या जोडीला दिल्यावर मोठ्या चाचण्यांत झटके काही कमी झाले नाहीत. ते मी विसरलेलो नाही.

इथे टक्केवारी फसवते. जनुकांच्या अभ्यासांवरून असा अंदाज आहे की एलडीएल ३९ मिलीग्रॅमने उतरवल्यावर जो फायदा होतो, तेवढ्यासाठी लायपोप्रोटीन ए ६५ ते १०० मिलीग्रॅमने उतरावं लागेल. आता या गृहस्थांचं गणित करा. १२० चे ८० टक्के म्हणजे ९६ ची घट, त्या अंदाजात बसणारी. ज्याचा आकडा ४० आहे, त्याची घट फक्त ३२. टक्के तेच, फायदा बहुधा तुटपुंजा. म्हणूनच पेलाकार्सेनच्या ‘होरायझन’ चाचणीत आधीच हृदयरोग असलेले आणि आकडा ७० किंवा त्याहून जास्त असलेले आठ हजारांवर रुग्ण घेतले. ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांच्याबद्दल तिचा निकाल फार काही सांगू शकणार नाही. आजवर प्रसिद्ध झालेल्या निकालांत मला आकडा उतरल्याचा पुरावा दिसतो, झटका टळल्याचा नाही.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं. एलडीएल आणखी खाली आणायला स्टॅटिनला एझेटिमाइब हे औषध जोडलं, आणि रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवायला सांगितला. मग विचारलं, "भाऊ-बहीण किती?" गेल्या आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ डोंबिवलीहून रिपोर्ट घेऊन आला. वय छत्तीस, कुठलीही तक्रार नाही. आकडा १०४.