दुपारचा हॉल, रात्रीचा हॉल आणि टीव्हीचे मोड

मंडळी, जुळे सोलापुरातला एक हॉल डोळ्यांसमोर आणा. टीव्हीच्या समोरच पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि वेळ एप्रिलमधली दुपारी चारची. कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी सिनेमा मोड लावला. चित्र पिवळट आणि मळकट दिसलं, आणि दोन मिनिटांत स्टँडर्ड मोड परत आला. मला वाटतं, इथे दोष मोडचा नव्हता.

चित्रपटाचे रंग अंधाऱ्या खोलीत बसून ठरवतात. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्रात पांढरा साधारण 100 निट उजेडाचा धरलेला असतो; निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. सिनेमा मोड त्याच हिशेबाच्या जवळ राहतो. आता खिडकीच्या उजेडापैकी समजा 5 निट पडद्यावरून परत आपल्या डोळ्यांत येतात. काळ्या कोटाच्या दोन घड्या पडद्यावर 0.5 आणि 1 निटच्या असतील, म्हणजे एक दुसरीच्या दुप्पट. पण 5 मिळवले की त्या 5.5 आणि 6 होतात. घड्या गेल्या, नुसता काळा डाग उरला.

म्हणून मोड सिनेमाच ठेवा आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वाढवा. तो तिप्पट केला तर त्याच घड्या 6.5 आणि 8 होतील, म्हणजे पुन्हा ओळखू येतील. गॅमा, म्हणजे गडद भाग किती गडद दिसावा ते ठरवणारी मांडणी, 2.4 वर असेल तर 2.2 करा, गडद भाग आणखी उघडेल. बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ नावाची पट्टी बॅकलाइटची नसते, ती फक्त काळ्याची पातळी हलवते. ती वाढवली की काळा राखाडी होतो आणि चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं. तसं दिसलं तर समजा, पट्टी चुकली. आणि खिडकीवर जाड सोलापुरी चादर टाकलीत तर तो 5 चा आकडाच खाली येतो. कुठल्याही पट्टीपेक्षा हा उपाय मोठा आहे.

पिवळेपणाचं म्हणाल, तर स्टँडर्डचा पांढरा बहुतेक वेळा निळसर असतो आणि डोळे त्याला सरावलेले असतात. काही दिवस उबदार रंग तसाच राहू द्या, मग तो पिवळा वाटत नाही. रात्री दिवे घालवले की बॅकलाइट उतरवा, पांढरा डोळ्यांना टोचणार नाही इतका. रोज बदलायचा कंटाळा असेल तर स्टँडर्डलाच उबदार रंग देऊन तो दिवसासाठी ठेवा आणि सिनेमा रात्रीसाठी. बहुतेक टीव्ही प्रत्येक मोडची मांडणी वेगळी लक्षात ठेवतात.

गेम मोडचा खोलीतल्या उजेडाशी संबंध नाही. चित्रावरची बरीचशी प्रक्रिया तो बंद करतो, म्हणून बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा वेळ कमी होतो. सेकंदाला 60 चित्रं असतील तर एक चित्र सुमारे 17 मिलिसेकंदांचं, आणि इतर मोडमध्ये अशी कित्येक चित्रं उशीर होऊ शकतो. मुलं कन्सोल जोडतील तेव्हा तो लावा. त्यातही उबदार रंग निवडा आणि बॅकलाइट त्या वेळच्या उजेडाप्रमाणे ठेवा.