एकवीस हजारांची रेघ
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: तहसील कार्यालयाच्या आवाराबाहेरचं सेतू केंद्र. प्रिंटरमधून बाहेर येणारा कागद.]

हा उत्पन्नाचा दाखला. खाली तहसीलदारांची डिजिटल सही, मधोमध कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, आधी आकड्यात आणि मग अक्षरात. या आवारात वर्षभर असे हजारो दाखले निघतात. त्यातल्या बऱ्याच दाखल्यांवरचा आकडा वीस आणि एकवीस हजारांच्या मध्ये कुठेतरी असतो.

तालुक्यातली एवढी घरं एकाच आकड्यापाशी कशी येऊन थांबतात? कारण संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी ही योजना आहे. दिव्यांगांसाठी मर्यादा थोडी सैल आहे, बाकीच्यांसाठी नाही. अनुदानाची रक्कम वाढत गेली. सहाशेची हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार झाली. रेघ मात्र दहा वर्षांहून अधिक काळ होती तिथेच आहे.

[दृश्य: पाटीवर खडूने लिहिली जाणारी बेरीज.]

हिशेब करून बघू. एक विधवा शेतमजूर धरा. गावात रोजगार हमीचं काम निघालं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये. ती ६७ दिवस कामावर गेली तर हातात येतात २०,९०४ रुपये. अडुसष्टाव्या दिवशी बेरीज होते २१,२१६, आणि कागदावर ती निराधार राहत नाही. त्या वर्षी लागू असलेला रोजगार हमीचा केंद्रीय कायदा कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे एका योजनेची हमी तिने पुरती वापरली तर दुसऱ्या योजनेतून ती बाहेर पडते.

बाहेर पडल्यावर जातात किती? महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. एक दिवस जास्त राबल्याची ही किंमत. धोरणाच्या भाषेत याला कडा म्हणतात, कारण इथे उतार नसतो, थेट खाली पडणं असतं. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदत योजनेत, सूट असलेल्या रकमेपुढे, निव्वळ कमाईचा एक पौंड वाढला की मदत ५५ पेन्सने कमी होते. मदत तिथेही घटते, पण कमावणाऱ्याच्या हातात काहीतरी उरतं.

मग आपल्याकडे ही कडा पार कशी होते? दाखल्यानेच. शेतमजुराच्या कमाईला पगाराची पावती नसते. असतं ते स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल. आकडा कुठे थांबायला हवा हे अर्जदाराला ठाऊक असतं, अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, सही करणाऱ्यालाही ठाऊक असतं. याला सरसकट भ्रष्टाचार म्हणणं सोपं आहे. पण महिन्याला १,७५० रुपयांत घर चालतं असं गृहीत धरणारा नियम खरं बोलणाऱ्यालाच बाहेर ठेवतो, हेही म्हणायला हवं. आणि नियम जेव्हा सगळ्यांनाच थोडं खोटं बोलायला लावतो, तेव्हा कोणाचं खोटं चालवून घ्यायचं हे टेबलापलीकडचा माणूस ठरवतो.

[दृश्य: इंग्लंडमधल्या जुन्या वर्कहाऊसची दगडी इमारत.]

मदतीआधी गरिबी सिद्ध करायला लावण्याची ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठीचा कायदा बदलला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन राबवणाऱ्या सरकारी आश्रयगृहात यावं, असं ठरलं. आत नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळ्या भागांत ठेवली जात. तत्त्व असं होतं की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर कामावर जाईल कोण? खरा गरजू ओळखण्यासाठी चौकशी करण्यापेक्षा मदतच इतकी कडू करायची, की ज्याला दुसरा मार्गच नाही तोच दारात येईल.

पन्नास वर्षांनी जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने दुसरी वाट काढली. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपणाचा. कामगार वर्गणी भरणार, मालक भरणार, आणि मिळेल तो हक्क. इथे कोणी गरिबी विचारत नाही, वर्गणीची नोंद विचारतो. आपल्याकडचा भविष्य निर्वाह निधी याच घराण्यातला. अडचणही त्याच घराण्यातली: ज्याला मालकच नाही, किंवा मुकादमाच्या वहीपलीकडे ज्याचं नाव कुठे नाही, त्याची वर्गणी भरणार कोण?

तिसरी वाट स्वीडनची. १९४८ पासून तिथे प्रत्येक मुलामागे भत्ता मिळतो, कारखानदाराच्या मुलालाही आणि हमालाच्या मुलालाही. श्रीमंताला दिलेलं परत कसं घ्यायचं, याचं उत्तर करात आहे. दाखला मागण्याचं काम दारात नाही, कर भरताना होतं.

या तीन घराण्यांची मांडणी डॅनिश अभ्यासक गोस्टा एस्पिंग-आंदरसन यांनी १९९० मध्ये केली. त्यांची कसोटी पैसे किती दिले ही नव्हती. आपले श्रम बाजारात न विकता माणूस किती नीट जगू शकतो, ही होती. कोणताही देश एका खणात पूर्ण बसत नाही. महाराष्ट्र तर मुळीच नाही. इथे तीनही घराणी एकाच तहसील कार्यालयाच्या आवारात नांदतात, आणि चौथं आपलं स्वतःचं आहे.

[दृश्य: दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांची जुनी छायाचित्रं.]

ते चौथं म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली, १९७७ साली कायदा झालेली. लायकीचा प्रश्न तिने मोठ्या हुशारीने टाळला. दाखला नको, जात नको, यादी नको. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. खात्यापित्या घरचा माणूस रोजंदारीसाठी घमेलं उचलायला येणार नाही, हा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. यात १८३४ ची छाया आहे, नाही असं नाही. पण मजूर घरी राहत होता आणि त्याला मिळत होती ती मजुरी होती, भीक नव्हे. पैसे कुठून आले तेही बघा. त्यासाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. वर्षाला २,५००. कापले जाणारे बहुतेकजण तो कशासाठी सुरू झाला हे विसरलेत.

या कसोटीची मर्यादाही उघड आहे. जे घमेलं उचलू शकत नाहीत, म्हातारे, आजारी, पोटुशी बाई, त्यांची गरज सर्वांत मोठी, पण खडी फोडून ती सिद्ध होत नाही. त्यांना पुन्हा दाखल्याच्या रांगेतच यावं लागतं.

[दृश्य: चहाच्या टपरीवर चाललेलं बोलणं, आवाज बंद.]

कोण लायक, हे लोक मनात कसं ठरवतात, याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये विम वान ओर्स्खोट यांनी केला. त्यांनी पाच प्रश्न वेगळे काढले. ही वेळ त्याच्याच चुकीने आली का? तो नम्र आहे का? त्याने पूर्वी काही दिलंय का, पुढे देईल का? तो आपल्यातला आहे का? आणि त्याला खरंच गरज आहे का? गरजेचा प्रश्न पाचांतला फक्त एक, हे ध्यानात ठेवा.

हे प्रश्न टपरीवर ठेवून बघा. विधवेबद्दल कोणी वाद घालत नाही, कारण पहिल्याच प्रश्नात ती सुटते. शेतकरी तिसऱ्या प्रश्नावर जिंकतो, तो जगाचा पोशिंदा. म्हणून पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० त्याच्या खात्यात येतात. पण अट जमीन नावावर असण्याची. त्याच्याच बांधावर खुरपणी करणाऱ्या भूमिहीन बाईचं सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तिला त्यातलं काही नाही. गरज मोजली असती तर क्रम उलटा लागला असता. आणि दारू पिणारा, काम नसलेला तिशीतला माणूस? पहिल्या तीन प्रश्नांतच तो बाद. त्याच्या घरात मुलं उपाशी आहेत का, इथवर बोलणं पोचतच नाही.

[दृश्य: अंगणवाडीबाहेर अर्ज भरणाऱ्या बायका.]

जून २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच, दीड हजार. रेघ मात्र २१ हजारांवर नाही, अडीच लाखांवर. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. दार रुंद होतं, म्हणून गर्दी झाली. मग चाळणी लागली: चारचाकी आहे का, घरात कोणी आयकर भरतं का, सरकारी नोकरीत आहे का. १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचं २०२५ मध्ये समोर आलं, तेव्हा ओरड झाली आणि ती रास्त होती. नंतरच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. दोघेही हयात नसतील तर बाईने तिथे काय भरायचं? अशांसाठी कागदपत्रांची वेगळी वाट मागाहून काढावी लागली.

अपात्राला पैसे गेले की बातमी होते, नावं येतात, वसुली निघते. पात्र माणूस बाहेर राहिला तर काहीच घडत नाही. तो खिडकीवरून परत जातो, आणि परत गेलेल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. पहिली चूक कमी करायला जितके कागद वाढवाल, तितकी दुसरी वाढते. या दोन चुकांना एकाच तागडीत तोलायची सवय आपल्या चर्चेत नाही.

[दृश्य: दोन टेबलं. एकावरून दुसऱ्यावर जाणारी फाइल.]

आता एका बाईचा पासष्टावा वाढदिवस. ती मुलाकडे राहते. मुलगा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, महिन्याला १२,०००, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. कालपर्यंत ती लाडकी बहीण होती. अडीच लाखांच्या आत, सगळं नियमात. त्या योजनेची वयोमर्यादा ६५. पासष्टीनंतर दार आहे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतनाचं. तिथेही दीड हजारच, पण दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत नाव नसेल तर उत्पन्नाची मर्यादा २१,०००. तिचं वय वाढलं, औषधं वाढली, आणि कागदावर ती एकाएकी सुखवस्तू झाली.

यावरचा तोडगा टेबलाजवळ उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. रेशन कार्डातून म्हातारीचं नाव कमी करायचं, तिचं स्वतंत्र कार्ड काढायचं, चूल वेगळी दाखवायची. मुलगा आईला सांभाळतो हे कागदावरून पुसलं की आई पात्र होते.

ती आज त्यासाठीच आली आहे. पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा कागद मिळाला, आता सेतू केंद्राच्या खिडकीवर अर्ज. ऑपरेटर न बघताच विचारतो, ‘उत्पन्न किती टाकू?’