पेन्शन बंद झाली, फाइल अडकली: कार्यालयाला पत्र कसं लिहायचं?

नमस्कार. आज एका पत्राबद्दल बोलायचंय. निवृत्त शिक्षक पेन्शन कार्यालयाला लिहितात ते पत्र. बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं, ‘माझी पेन्शन बंद झाली आहे, कृपया लवकर सुरू करावी.’ शिक्षकांची अडचण शंभर टक्के खरी असते, पण कारकुनाला या वाक्यावरून काहीच करता येत नाही. कोणती पेन्शन, आणि ती कोण देत होतं, हेच त्यात नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळेतल्या एक बाई 31 मे रोजी निवृत्त झाल्या. नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन लागू. जूनपासून खात्यात रक्कम यायला लागली. नोव्हेंबरपर्यंत आली आणि डिसेंबरची आलीच नाही. बाईंना वाटलं, हयातीचा दाखला राहिला असेल. बँकेत गेल्या, तिथे कोणालाच काही सांगता येईना.

आता मोजा. जून ते नोव्हेंबर, बरोबर सहा महिने. बाईंना मिळत होतं ते तात्पुरतं निवृत्तिवेतन. अंतिम मंजुरीला उशीर होतो तेव्हा हे सुरू करतात, आणि सुरुवातीला ते सहा महिन्यांपुरतंच मंजूर असतं. मुदत संपली, मुदतवाढीचा आदेश निघाला नाही, पैसे थांबले. यात बँकेचा काही संबंध नाही.

तुमचं प्रकरण यातलं आहे का, हे ओळखायचं कसं? हातात पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, आहे का ते बघा. पीपीओ असेल तर पैसे कोषागारातून येतात आणि तिथे हयातीच्या दाखल्याची चौकशी करणं योग्य. पीपीओ नसेल, तर पूर्वी ज्या कार्यालयामार्फत तुमचा पगार निघायचा, तिथेच तात्पुरत्या पेन्शनचं विचारायचं. कोषागाराकडे तुमचं नावच पोहोचलेलं नसतं, त्यामुळे तिथे कितीही अर्ज दिले तरी उत्तर एकच येणार.

मग मूळ फाइल कुठे आहे? प्रस्ताव शाळेतून निघतो, शिक्षण विभागातून महालेखापाल कार्यालयात जातो. वाटेत सगळ्यात जास्त अडतं ते सेवापुस्तकावर. बाईंच्या फाइलला आक्षेप लागला होता: वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीची पडताळणी झाल्याची नोंद सेवापुस्तकात नाही. लेखाधिकाऱ्यांचा एक शिक्का आणि सही राहिली होती. फाइल त्रुटीसाठी शाळेत परत आली आणि तिथेच पडून राहिली. बाईंना कोणी कळवलं नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या वेळेवर तपासून परत दिल्या, त्यांना एवढा निरोपही कोणी देऊ नये?

म्हणून पत्रात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा. एक फाइलची, एक पैशांची. बाईंचं पत्र असं होईल:

‘विषय: तात्पुरत्या निवृत्तिवेतनास मुदतवाढ मिळणे व निवृत्तिवेतन प्रस्तावातील त्रुटीची पूर्तता होणेबाबत.

महोदय, मी दिनांक 31 मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. मला जून ते नोव्हेंबर या कालावधीचे तात्पुरते निवृत्तिवेतन मिळाले. डिसेंबरपासून ते बंद आहे. माझा प्रस्ताव वेतन पडताळणीच्या नोंदीअभावी परत आल्याचे समजते. तरी, अंतिम मंजुरी मिळेपर्यंत तात्पुरत्या निवृत्तिवेतनास मुदतवाढ द्यावी. तसेच सेवापुस्तक पडताळणीसाठी कोणत्या दिनांकास सादर केले, हे मला लेखी कळवावे. सदर विलंब माझ्यामुळे झालेला नाही.’

हे शेवटचं वाक्य गाळू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये नियम 129-अ उपदानाच्या आणि 129-ब पेन्शनच्या विलंबावरील व्याजाबद्दल आहे. विलंब प्रशासकीय कारणाने झाला की कर्मचाऱ्यामुळे, यावर ते व्याज ठरतं. उद्या व्याज मागायचं झालं तर आजची नोंद कामाला येईल. मात्र याच पत्रात व्याजाचा वाद घालू नका, असं माझं मत आहे. आधी मुदतवाढीचा आदेश निघू दे.

पत्राखाली शालार्थ क्रमांक, शाळेचं नाव, निवृत्तीची तारीख आणि मोबाइल नंबर लिहा. सोबत पासबुकच्या पानाची झेरॉक्स जोडा, शेवटची जमा नोंद दिसेल अशी. पत्र शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

तरीही उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. ‘माझी पेन्शन का दिली नाही’ असं विचारू नका, कारणं विचारली की टोलवाटोलवी होते. कागद मागा: माझ्या निवृत्तिवेतन प्रस्तावाच्या टिपणीची प्रत, आक्षेप पत्राची प्रत, आणि आज फाइल कोणत्या टेबलावर किती तारखेपासून आहे त्याची नोंद. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.