घोडा, चौसष्ट घरं आणि चिंचोके

नमस्कार श्रोतेहो. आज बुद्धिबळाचा पट काढा, पण सोंगट्यांमधला फक्त एक घोडा घ्या, बाकीच्या डब्यातच राहू द्या. वजिराचं कौतुक सगळेच करतात, माझं मन मात्र लहानपणापासून घोड्यावरच आहे, उडी मारून जाणारी पटावरची ती एकच सोंगटी. तर या घोड्याला अडीच घरांच्या चालीने सगळ्या ६४ घरांत न्यायचं, प्रत्येक घरात एकदाच. एकदाच बरं का.

मी सातवीत होतो, मे महिना, आजोळी लाइट गेलेली, कंदिलाच्या उजेडात पट मांडलेला आणि शेजारी वाटीभर चिंचोके. घोडा ज्या घरातून निघाला त्या घरात चिंचोका ठेवायचा, म्हणजे हे घर संपलं. तीन रात्री मी हेच करत होतो. आधी पटाच्या मध्यावर मनसोक्त फिरायचो, कारण तिथे आठही दिशांना चाली मिळतात, आणि मग कडेची घरं राहून जायची. त्या रात्री ६१ घरं झाली आणि घोडा अडकला. राहिलेल्या तिघांत एक घर कोपऱ्यातलं होतं, त्याच्याकडे जाणारी दोन्ही घरं मी कधीच वापरून टाकलेली, मला रडूच आलं.

मामा बाजेवर बसून मावशीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होता. तो उठून आला, पटाकडे बघितलं आणि म्हणाला, "या पत्रिका मी कशा वाटणार, सांग. तालुक्याला दिवसभर एसटी आहे, तिथे कधीही जाता येईल. पण ज्या गावाला दोनच गाड्या, तिथली पत्रिका आधी. तुझ्या कोपऱ्याला गाड्या किती?"

"दोन."

"आणि मधल्या घराला?"

"आठ."

"मग आधी कुठे जायचं?"

सगळे चिंचोके उचलले आणि पुन्हा सुरुवात केली. घोडा ए १ वर. तिथून बी ३, मग सी १. इथे मामाने माझा हात धरला, म्हणाला थांब, मोज. सी १ वरून तीन घरं मोकळी होती: ए २, ई २ आणि डी ३. डी ३ ला गेलो तर तिथून पुढे ७ वाटा, ई २ वरून ५ आणि ए २ वरून फक्त २. मी सवयीने डी ३ कडे निघालेलो! मामा म्हणाला, ए २. मग बी ४, मग ए ६, मग बी ८, घोडा बघता बघता कडेकडेने पळायला लागला आणि कोपरे आपोआप उरकत गेले. कंदिलाची काच काळी झाली तेव्हा वाटीत एकच चिंचोका उरला होता, तो मी शेवटच्या घरात ठेवला आणि आजीला झोपेतून उठवून पट दाखवला.

तर नियम एवढाच: पुढच्या ज्या घरातून वाटा सर्वात कमी, तिथे आधी जा. वाटा मोजताना चिंचोका असलेलं घर धरायचं नाही, फक्त मोकळी घरं मोजायची. परत सांगतो, फक्त मोकळी. आणि प्रत्येक चालीला नव्याने मोजायचं, कारण घोडा हलला की आकडे बदलतात. जिथून पुढे एकही वाट नाही असं घर मात्र अगदी शेवटच्या चालीलाच घ्यायचं. कागद-पेन्सिलीने करा, अ‍ॅपने केलं की हाताला काहीच लागत नाही असं माझं ठाम मत आहे, असो.

हा नियम १८२३ साली जर्मनीत फॉन वार्न्सडॉर्फ यांनी छापला. दोन घरांच्या वाटा सारख्या आल्या तर कुठलंही घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मात्र पुढे खरं ठरलं नाही. आपल्या ८ बाय ८ च्या पटावर बहुतेक वेळा निभावून जातं, पण बरोबरीच्या वेळी चुकीचं घर निवडलं तर इथेही घोडा अडकू शकतो, आणि पट मोठा होत जाईल तसं हे जास्त घडतं. १९६७ मध्ये आयरा पोल यांनी सुचवलं की बरोबरी झाली तर आणखी एक चाल पुढे बघा, म्हणजे त्या दोन्ही घरांतून पुढे जिथे जाता येईल तिथल्या वाटा मोजा.

बिघडलंय हे आधीच ओळखता येतं. घोड्याच्या आत्ताच्या घरातून थेट जाता येत नाही आणि स्वतःला एकच मोकळी वाट उरलीय, असं घर दिसलं तर त्यात शिरलेला घोडा बाहेर येऊ शकत नाही, म्हणजे ते शेवटचंच घर होणार. अशी दोन घरं एकाच वेळी दिसली तर पुढे खेळू नका, दोघंही शेवटची कशी होतील? तिथून चिंचोके एकेक करून मागे उचला, जिथे बरोबरी झाली होती त्या घरापर्यंत या, आणि तिथे दुसरं घर घ्या.